चामडं, लोकर, केबल वीण आणि फर : चित्रात नुसता सपाट रंग उरू नये म्हणून वर्णन कसं लिहायचं

वस्तू कोल्हापुरात तुमच्या टेबलावर आहे आणि चित्र काढणारा पुण्यात किंवा मुंबईत बसलाय. त्याच्या हातात फक्त तुमचं टिपण आहे, फार तर एखादा मोबाईलचा फोटो. टिपणात तुम्ही लिहिता, ‘क्रीम रंगाचा केबल विणीचा स्वेटर, तपकिरी कोल्हापुरी चप्पल’. परत येणाऱ्या चित्रात स्वेटरच्या जागी क्रीम रंगाचा पट्टा असतो, त्यावर चार वळणदार रेघा असतात, आणि चप्पल तपकिरी प्लास्टिकची वाटते. यात चित्रकाराची चूक फारशी नसते. त्याला रंग मिळाला आणि त्याने तो भरला. पृष्ठभागाबद्दल त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

कॅटलॉग, गोष्टीच्या पुस्तकातली चित्रं किंवा नाटकाच्या वेशभूषेची रेखाटनं यांसाठी असं टिपण पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी हा लेख आहे. यात सगळ्यात जास्त जागा केबल विणीला दिली आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

लागणारं सामान

- शिंप्याची सेंटिमीटरची टेप आणि एक छोटी पट्टी
- टॉर्च (मोबाईलचाही चालेल) आणि अंधार करता येईल अशी खोली
- पांढरा कोरा कागद, वस्तूखाली ठेवायला
- मोबाईलच्या कॅमेऱ्यातला कृष्णधवल फिल्टर
- चित्र शेवटी किती मोठं छापलं जाणार किंवा स्क्रीनवर किती रुंद दिसणार, याचा आकडा. हा आधी मागून घ्या. तो माहीत नसेल तर काय लिहायचं आणि काय सोडायचं हे ठरवताच येत नाही.

## १. आधी टॉर्च लावा, मग लिहायला बसा

खोलीत अंधार करा. वस्तू कागदावर ठेवा आणि टॉर्च समोरून न धरता बाजूने, जवळजवळ टेबलाला टेकवून धरा. उजेड पृष्ठभागावरून घासत गेला पाहिजे. आता जे उंचवटे उजळतात आणि ज्या खाचांत सावली साठते, तेवढाच पोत चित्रात दिसणार आहे. आता तोच टॉर्च डोळ्यांजवळ आणून सरळ समोरून मारा. सावल्या वस्तूच्या मागे लपतात आणि अख्खा स्वेटर एकाच रंगाचा दिसतो. मोबाईलच्या फ्लॅशने काढलेले फोटो सपाट येतात ते यामुळेच.

म्हणून टिपणात प्रकाशाची दिशा लिहायलाच हवी. ‘उजेड डावीकडून, खालच्या कोनातून, एकाच खिडकीतून’ एवढं पुरेसं आहे. हे वाक्य नसेल तर पुढची बारीक वर्णनं वाया जातात, कारण चित्रकार सवयीने समोरून सारखा उजेड धरतो आणि तुमचे उंचवटे सावलीवाचून राहतात.

## २. पोत तीन मापांत मोडा

जाड कापडाकडे नीट बघितलं तर त्यात एकावर एक तीन मापांची रचना असते. सगळ्यात मोठी म्हणजे घड्या आणि फुगवटे. मधली म्हणजे नक्षी : केबलचा पीळ, चपलेची वेणी, फरचे झुबके. सगळ्यात बारीक म्हणजे टाका, चामड्यावरची रंध्रं, एकेक केस.

चित्र लहान झालं की बारीक माप आधी मरतं. उदाहरण घेऊन बघू. स्वेटर टेबलावर पसरल्यावर छातीशी ५२ सेंटिमीटर रुंद आहे आणि चित्रात तो १०४० पिक्सेल रुंदीत बसवायचा आहे, म्हणजे एका सेंटिमीटरला २० पिक्सेल. मध्यम जाड लोकरीत १० सेंटिमीटरमध्ये १८ टाके बसले, तर एक टाका साधारण ११ पिक्सेलचा झाला. तेवढ्यात टाक्याचा आकार काढता येतो. तेच चित्र यादीत २६० पिक्सेलचं झालं की टाका तीन पिक्सेलसुद्धा उरत नाही. सगळे टाके मिसळून एक करडा सरासरी रंग होतो. पण ३ सेंटिमीटर रुंदीचा पीळ अजून १५ पिक्सेलचा असतो, म्हणजे तो स्पष्ट दिसतो.

यावरून टिपणात जोर कुठे द्यायचा ते ठरतं. मोठ्या चित्रासाठी तिन्ही मापं लिहा. लहान चित्रासाठी घड्या आणि नक्षी नीट लिहा, आणि टाके काढू नका असं स्पष्ट सांगा. नाहीतर चित्रकार तासन्‌तास टाके काढतो आणि लहान केल्यावर त्यांची नुसती खरखर होते, कधीकधी भलतेच लहरी पट्टे उमटतात.

## ३. केबल : ‘वेणी’ हा शब्द जपून वापरा

मराठीत आपण केबलला सहज वेणीची वीण म्हणतो, आणि घोटाळ्याची सुरुवात इथूनच होते. वेणी म्हटलं की डोळ्यांपुढे तिपेडी वेणी येते. पण नेहमीचा केबल दोन पेडांचा असतो, दोराच्या पिळासारखा. सहा टाक्यांपैकी तीन टाके उरलेल्या तिनांच्या पुढून किंवा मागून नेतात, आणि ठरावीक ओळींनी तेच पुन्हा करतात. एक पेड दुसऱ्याला असा ओलांडतो त्या जागेला इथे छेद म्हटलं आहे. तिपेडी केबलही असतो. त्यात साधारण नऊ टाके लागतात आणि एकदा डाव्या, एकदा उजव्या बाजूने छेद देतात. या दोन्हींची सावली अगदी वेगळी पडते. तेव्हा ‘दोन पेडांचा पीळ’ किंवा ‘तिपेडी वेणी’ असं मोजून लिहा.

त्यानंतर चार गोष्टी लिहायच्या.

पीळ किती रुंद आहे, आणि एका छेदापासून दुसऱ्या छेदापर्यंत किती अंतर आहे. अंतर टेपने मोजा. १० सेंटिमीटरमध्ये २४ ओळी असतील आणि दर आठ ओळींनी छेद असेल, तर हे अंतर साधारण ३.३ सेंटिमीटर येतं. ४० सेंटिमीटर लांबीच्या केबलमध्ये बारा छेद होतात. हा आकडा दिला नाही तर चित्रात पाच तरी येतात नाहीतर तीस तरी. पाच आले की केबल सुस्त नागासारखा दिसतो, तीस आले की गोळा झालेल्या दोऱ्यासारखा.

पीळ कुठल्या बाजूला झुकतो. विणताना तीन टाके पुढे धरले तर वरचा पेड डावीकडे झुकतो, मागे धरले तर उजवीकडे. छातीवर दोन केबल असतील तर बहुतेक वेळा ते आरशातल्यासारखे एकमेकांच्या उलट असतात. हे लिहिलं नाही तर चित्रकार एकच काढून कॉपी करतो, आणि विणकाम जाणणाऱ्या बाईला ते पहिल्या नजरेत खटकतं.

मागची जमीन कसली आहे. हा मुद्दा हमखास सुटतो. केबलचे पेड सुलट टाक्यांचे असतात, त्यात इंग्रजी ‘व्ही’सारखे टाके एकाखाली एक दिसतात. पण दोन्ही बाजूंची जमीन बहुधा उलट टाक्यांची असते. तिथे आडवे, दाणेदार उंचवटे दिसतात आणि ती केबलपेक्षा खोल बसते. केबल उठून दिसतो तो या खोल जमिनीमुळे. जमीनही सुलट टाक्यांची काढली की केबल कापडावर रंगवल्यासारखा सपाट होतो.

सगळ्यात गडद सावली कुठे पडते. दोन जागी : केबलच्या कडेला, जिथे तो जमिनीला टेकतो, आणि छेदाच्या ठिकाणी, जिथे मागचा पेड पुढच्याच्या खाली शिरतो. छेदाशी विणकामाचे दोन थर एकावर एक येतात, म्हणून तिथे जाडी साधारण दुप्पट होते आणि पेडाचा माथा सगळ्यात जास्त उजळतो. पेडाच्या कडेने सारख्या जाडीची काळी रेघ ओढणं ही नेहमीची चूक. सावली छेदाशी रुंद आणि गडद असते आणि दोन छेदांच्या मधे पातळ होत जाते. हे वाक्य टिपणात जसंच्या तसं टाकलं तरी चालेल.

आणखी एक सापळा म्हणजे केबल भिंतीवरच्या कागदासारखा सरळ चिकटवणं. अंगावर घातलेल्या स्वेटरमध्ये केबल अंगाबरोबर वळतो. छातीवर तो थोडा फाकतो, काखेकडे वळताना अरुंद दिसतो, कोपरावर टाके ताणून जमीन उघडी पडते. जाड विणकामात घड्या थोड्या, पण गोल आणि लठ्ठ पडतात. कोपराच्या आत दोन किंवा तीन. शर्टासारख्या टोकदार, बारीक चुण्या तिथे पडत नाहीत.

## ४. लोकर आणि चामडं यांचा उजेड वेगळा लिहा

सपाटपणाचं दुसरं कारण ‘चमकदार’ आणि ‘मऊ’ हे शब्द. दोन्ही लिहायला सोपे आहेत आणि दोन्हींतून हाताला काही मिळत नाही.

लोकरीत उजेड तंतूंमध्ये शिरून विखुरतो. त्यामुळे लोकरीचा उजळ भाग लोकरीच्याच रंगाची फिकट छटा असतो. वेगळा पांढरा ठिपका कुठेच नसतो. कडेला उभे राहिलेले तंतू असतात, म्हणून आकृतीची रेघ धारदार नसते आणि मागून उजेड आला तर कडेला पातळ धूसर झालर दिसते. चामड्याचं उलट आहे. त्याच्या तुळतुळीत पृष्ठभागावरून परतणारा उजेड दिव्याच्या रंगाचा असतो. तपकिरी चामड्यावरही ती झळाळी जवळजवळ पांढरी दिसते, आणि जिथे चामडं वळतं तिथेच दिसते. स्वेटर आणि चप्पल या दोन्हींना ‘चमकदार’ लिहिलं की दोन्ही एकाच प्लास्टिकची होतात.

चामड्यात पुन्हा फरक आहे. तेल पाजलेल्या, पॉलिश न केलेल्या चामड्यावर झळाळी रुंद, मंद आणि कडा विरलेली असते. पॉलिश केलेल्यावर ती अरुंद आणि धारदार असते. तुमच्या वस्तूवर टॉर्च फिरवून बघा आणि जे दिसेल तेच लिहा.

## ५. कोल्हापुरी चपलेचं टिपण

कोल्हापूरच्या चपलांच्या बाजारात, चप्पल लाईनीत, दहा दुकानं फिरलात तर दहा वेगळे तपकिरी दिसतील, म्हणून नुसत्या ‘तपकिरी’ला अर्थ नाही. चांगल्या कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल, हिरडा अशा झाडपाल्याने कमावलेलं असतं. असं चामडं नवं असताना फिकट मधासारखं असतं. पुढे तेल, ऊन आणि पायाचा घाम लागत जातो तसं ते गडद होतं, आणि सगळीकडे सारखं होत नाही. टाच आणि चवड्याखाली ते गडद आणि गुळगुळीत होतं, पट्ट्याखाली झाकलेला भाग फिकट राहतो. चित्रात जीव येतो तो या फरकाने. म्हणून आधी ठरवा, चप्पल नवी दाखवायची की वापरलेली.

मग भाग नावानिशी लिहा : तळ, पट्टा, अंगठा, बाजूचे कान, वेणी, गोंडा. प्रत्येकाचा पोत वेगळा आहे. तळाला बहुधा म्हशीचं जाड चामडं असतं आणि कडेला चामड्याचे थर एकावर एक दिसतात. ही कापलेली कड वरच्या पृष्ठभागासारखी चमकत नाही, ती कोरडी आणि तंतुमय दिसते. ‘कडेला थर दिसतात, थरांमधे बारीक गडद रेषा, कड कोरडी’ एवढ्या शब्दांनी प्लास्टिकचा भास जातो. चामड्याच्या वादीची शिवण असेल तर १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आहेत ते मोजून लिहा.

वेणी मात्र इथे खरी वेणी आहे, चामड्याच्या अरुंद पट्ट्यांची, चपटी. लोकरीच्या केबलमध्ये सावली मऊ उतरते. या वेणीत प्रत्येक पट्टी दुसरीखाली शिरते तिथे एकदम धारदार सावली पडते आणि प्रत्येक पट्टीच्या माथ्यावर एकेक छोटी झळाळी येते. ती सगळ्या पट्ट्यांवर एकाच जागी नको. उजेडाच्या बाजूच्या पट्ट्यांवर ठळक, पलीकडच्यांवर जवळजवळ नाही, असं लिहा.

## ६. फर

फरचं थोडक्यात. नाटकात, लहान मुलांच्या पोशाखात आणि खेळण्यांवर जी नकली फर असते, तिचे केस आधी पट्टीने मोजा. १ सेंटिमीटरचे केस आणि ५ सेंटिमीटरचे केस चित्रात दोन वेगळ्या वस्तू होतात.

केस कुठे झुकलेत ते बाणांनी दाखवा : मानेपासून खाली, खांद्यावरून बाहेर. फरवरची झळाळी केसांच्या लांबीला आडवी, पट्ट्यासारखी पडते. चित्रकार बहुतेक वेळा ती केसांच्या दिशेने ओढतो आणि फर ओल्या गवतासारखी दिसते. लांब केस सुटे राहत नाहीत, त्यांचे टोकदार झुबके होतात. कोपर किंवा मान वळते तिथे केस फाकून आतला आखूड, गडद किंवा फिकट थर दिसतो. तिथेच फरची जाडी कळते. बाकी मधल्या भागात केस कमी काढले तरी चालतात, पण बाहेरची रेघ झुबक्यांनी तुटलेली हवी. रेघ गुळगुळीत राहिली तर आत कितीही केस काढा, फर दिसणार नाही.

## ७. रंग शेवटी, आणि तीन छटांत

टिपणात रंग पहिल्या वाक्यात टाकू नका. वाचणारा पहिल्या रंगाच्या शब्दावर मनातल्या मनात जागा भरून टाकतो आणि पुढचा पोत त्यावर वरवर चिकटवतो. आधी रचना, मग माप, मग दिशा, मग उजेड आणि शेवटी रंग. तोही एक रंग नको, तीन छटा द्या : उजेडातली, मधली आणि खाचेतली.

त्या स्वेटरचं पूर्ण टिपण असं होईल :

> हाताने विणलेला जाड लोकरी स्वेटर, अंगात घातलेला, समोरून. छातीवर दोन केबल, प्रत्येकी दोन पेडांचा पीळ, ३ सेंटिमीटर रुंद, गळ्यापासून बॉर्डरपर्यंत बारा छेद. डावा आणि उजवा केबल एकमेकांच्या उलट झुकलेले. जमीन उलट टाक्यांची, आडवी दाणेदार, केबलपेक्षा खोल. उजेड डावीकडून, खालच्या कोनातून. सावली छेदाशी रुंद, मधे पातळ. कुठेही पांढरी झळाळी नाही. बाहेरची कड किंचित तंतुमय. कोपराच्या आत दोन लठ्ठ, गोल घड्या. उजेडात फिकट सायीचा रंग, मधे जुन्या कागदाचा, खाचेत राखाडीकडे झुकणारा तपकिरी.

सायीचा रंग, जुन्या कागदाचा रंग असं लिहिण्यात फायदा आहे. ‘ऑफव्हाइट’ प्रत्येक स्क्रीनवर वेगळा असतो, साय सगळ्यांनी पाहिलेली असते.

## ८. काळा आणि अगदी पांढरा : इथे जास्त जपा

काळी घोंगडी याचं सगळ्यात अवघड उदाहरण. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीच्या यात्रेत धनगरांच्या खांद्यावर ती बघा. लांबून एकसंध काळी, पण उन्हात तिरपी धरली की तपकिरी झाक येते, राठ तंतू उभे दिसतात आणि विणीच्या ओळी करड्या उजळतात. टिपणात ‘काळी’ लिहिलं की चित्रात काळं भोक पडतं. तिथे ‘उजेडात कोळशाचा करडा, मधे तपकिरी झाकेचा काळा, फक्त घडीच्या आत पूर्ण काळा’ असं लिहा. घोंगडी मागावर विणलेली असते, सुयांवर नाही, तेही सांगा. नाहीतर तिच्यावर स्वेटरसारखे ‘व्ही’ टाके येतात.

पांढऱ्यात उलटा धोका असतो. उजेडाच्या बाजूचे टाके पूर्ण पांढरे होऊन पुसले जातात. तिथे ‘कोराकरकरीत पांढरा फक्त छेदांच्या माथ्यावर’ अशी मर्यादा घाला.

## ९. चित्र आल्यावर तपासणी

चित्राचा मोबाईलवर फोटो घ्या आणि कृष्णधवल करा. रंग गेल्यावरही हा स्वेटर, हे चामडं, ही फर हे ओळखू येतं का? चप्पल आणि स्वेटर एकाच करड्याचे दोन तुकडे दिसले, तर पोत रंगाच्या आधाराने उभा होता. मग चित्र अंगठ्याच्या नखाएवढं लहान करून बघा. घड्या आणि पीळ तरी दिसले पाहिजेत.

दुरुस्ती सांगताना ‘पोत कमी वाटतो’ असं लिहू नका. त्यावर चित्रकार सगळीकडे दाणे टाकतो, आणि सपाट रंगाच्या जागी सपाट दाणे येतात. नेमकी जागा आणि नेमकं कारण लिहा : ‘उजव्या केबलच्या तिसऱ्या छेदाशी मागचा पेड खाली शिरलेला दिसत नाही, तिथे सावली रुंद करा’, ‘तळाची कड पट्ट्याएवढीच चमकते आहे, ती कोरडी करा’. एका फेरीत अशा तीन-चारच दुरुस्त्या द्या. एखाद्या दुरुस्तीत प्रकाशाची दिशा बदलत असेल तर ती एकटीच आधी पाठवा, कारण त्यानंतर बाकीच्या सगळ्या सावल्या पुन्हा काढाव्या लागतात.